नावातला न दिसणारा जॉइनर

बोऱ्हाडे हे आडनाव कागदावर एकाच प्रकारे लिहिले जाते. संगणकात मात्र ते तीन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवलेले असू शकते आणि बहुतेक फॉन्टमध्ये तिन्ही प्रकार डोळ्याला तंतोतंत सारखे दिसतात. शाळेच्या हजेरीपटाची यादी आणि शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्हींत बोऱ्हाडे आहे. वाचणारा छातीठोकपणे सांगेल की आडनाव एकच आहे, आणि संगणक सांगेल की जुळत नाही. मग त्या विद्यार्थ्याचे नाव 'न जुळलेल्या नोंदी' या गठ्ठ्यात जाते. तिथून त्याला बाहेर काढायला कुणीतरी हाताने शोधावे लागते, आणि शोधणाऱ्यालाही चूक दिसत नाही, कारण ती दिसण्यासारखी नसतेच.

कारण कळले की त्यावर सर्रास सुचवला जाणारा इलाज असा, की नावांच्या कॉलममधली सगळी अदृश्य चिन्हे एका फटक्यात पुसून टाकावीत. इंग्रजी नावांच्या बाबतीत हा इलाज चालतो. मराठीत हे औषध आजारापेक्षा जालीम ठरते, कारण इथे त्या अदृश्य चिन्हांपैकी काही लेखनाचा भाग असतात. ती पुसली की नाव बदलते, आणि बदललेले नाव मग प्रमाणपत्रावर छापले जाते. हे का होते आणि त्याऐवजी काय करावे, ते याच एका आडनावाच्या आधाराने पाहू.

प्राथमिक शाळेत र ची जोडाक्षरे चार तऱ्हांनी शिकवतात: सूर्यमधला रफार, प्रकाशमधला तिरका र, ट्रकमधला ट खालचा र आणि ऱ्हासमधला तो आडवा, वळणदार अर्धा र. हा चौथा र मराठीत य आणि ह यांच्या आधी येतो आणि रफारापेक्षा वेगळा उच्चार दाखवतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा हा र हौस म्हणून काढलेला आकार नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे, कऱ्हाडकर अशा कितीतरी आडनावांत आणि नऱ्हे, कऱ्हाड, बुऱ्हाणनगर अशा गावांच्या नावांत तो ठाण मांडून बसलेला आहे.

युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. देवनागरीच्या तक्त्यात `U+0931` या जागी ऱ असे खाली टिंब असलेले अक्षर आहे. तक्त्यातली टीप सांगते की ते द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत उतरवण्यासाठी आहे, आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आपला वळणदार अर्धा र. ही पद्धत भारतीय मानक ब्यूरोच्या इस्की या जुन्या मानकातून आली. आज युनिकोडची पहिली पसंती तिलाच आहे. दुसरा मार्ग 1996 च्या युनिकोड 2.0 मधला. त्यात साधा र, मग हलन्त, आणि त्यानंतर `U+200D` हे चिन्ह टाकायचे. या चिन्हाचे नाव झिरो विड्थ जॉइनर. त्याला स्वतःचा आकार नाही की रुंदी नाही. आधीच्या हलन्त व्यंजनाचे अर्धे रूप दाखव, एवढीच सूचना ते फॉन्टला देते. र च्या बाबतीत ती सूचना मिळाली की रफार न होता वळणदार अर्धा र उमटतो. पुढच्या आवृत्त्यांनी पहिल्या मार्गाची शिफारस केली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून दुसराही वैध ठेवला. त्यामुळे आज दोन्ही लेखने बरोबर आहेत. कोणता कळफलक कोणते लेखन देईल, हे तो बनवणाऱ्याने ठरवलेले असते. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह `J` दाबून ऱ काढणाऱ्याच्या नोंदीत पहिले लेखन येते, तर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या एखाद्या साधनाकडून दुसरे येऊ शकते. टंकणाऱ्याला यातले काही कळत नाही आणि कळण्याची गरजही असू नये.

बोऱ्हाडेचे वेगवेगळे अवतार त्यांच्या युनिकोड क्रमांकांसह असे दिसतात:

```
1)  092C 094B 0931 094D 0939 093E 0921 0947
2)  092C 094B 0930 094D 200D 0939 093E 0921 0947
3)  092C 094B 0930 093C 094D 0939 093E 0921 0947
4)  092C 094B 0930 094D 0939 093E 0921 0947
```

पहिल्या ओळीत `0931` म्हणजे ऱ आहे. दुसरीत साधा र, हलन्त आणि जॉइनर. तिसरीत साधा र आणि सुटा नुक्ता आहे. ते पहिल्याचेच उकललेले रूप आहे आणि युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समतुल्य आहेत. चौथी ओळ म्हणजे दुसरीतला जॉइनर पुसल्यावर जे उरते ते: बोर्हाडे. ह च्या डोक्यावर रफार, म्हणजे वेगळे लेखन आणि वेगळा उच्चार. आता लांबी पाहा. पहिल्या आणि चौथ्या ओळीत प्रत्येकी 8 चिन्हे आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत 9. म्हणजे बरोबर नाव आणि मोडलेले नाव यांची लांबी सारखी, आणि एकाच बरोबर नावाच्या लेखनांची लांबी मात्र वेगळी. लांबी मोजून चूक पकडता येईल असे कुणाला वाटत असेल, तर या चार ओळी पुरेशा आहेत.

आपल्या यादीत हे घडले आहे का, ते कसे ओळखावे? एक्सेलमध्ये नाव `A2` या घरात असेल तर `=LEN(A2)` लांबी सांगते, आणि `=UNICODE(MID(A2,5,1))` पाचव्या चिन्हाचा क्रमांक सांगते. उत्तर 8205 आले, तर तिथे जॉइनर आहे. पहिल्या प्रकारच्या नोंदीत `=UNICODE(MID(A2,3,1))` हे 2353 देते, म्हणजे ऱ. उत्तर 2352 आले तर तो साधा र. एक्सेलचे `TRIM` आणि `CLEAN` इथे उपयोगी नाहीत. पहिले रिकाम्या जागा काढते, दुसरे 0 ते 31 या क्रमांकांची जुनी नियंत्रक चिन्हे काढते, आणि जॉइनर यांपैकी कशातच बसत नाही. पायथॉनचे `strip()` सुद्धा त्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते रिकामी जागा नाही. पोस्टग्रेसमध्ये असतील तेवढ्या नोंदी अशा काढता येतात:

```sql
SELECT adnav, char_length(adnav), octet_length(adnav)
FROM nave
WHERE strpos(adnav, U&'\200D') > 0;
```

मात्र हाती आलेली यादी कचरा समजून लगेच पुसायला बसू नये. तिचे तीन गठ्ठे करावेत. जॉइनरच्या लगेच आधी र आणि हलन्त असेल, तर तो वळणदार र चा जॉइनर आहे आणि तो अर्थ वाहतो. आधी दुसरेच एखादे व्यंजन आणि हलन्त असेल, तर जॉइनर फक्त आकार ठरवतो, आणि कधी कधी तेवढेही करत नाही. विश्वास, अश्विनी, ईश्वर या नावांत श आणि व एकाखाली एक यावेत की शेजारी शेजारी, हे जॉइनरवर ठरू शकते. सिद्धार्थमध्ये द आणि ध यांचे जोडाक्षर फोडून दाखवायचे की नाही, हेही. पुष्पा या नावात मात्र ष तसाही अर्धाच दिसतो, त्यामुळे तिथला जॉइनर निव्वळ बसून असतो. अशी नावे बरीचशी जुन्या फॉन्टमधल्या मजकुराच्या रूपांतरातून येतात. त्या फॉन्टमध्ये अर्ध्या ष साठी स्वतंत्र कळ आणि स्वतंत्र आकार असायचा, आणि रूपांतर करणारी साधने प्रत्येक अर्ध्या आकाराच्या जागी व्यंजन, हलन्त आणि खबरदारी म्हणून जॉइनर असे लिहून टाकत. तिसरा गठ्ठा हलन्ताशिवाय आलेल्या जॉइनरचा. तो कुठून तरी कॉपी-पेस्ट होऊन आलेला असतो, आणि मराठी नावात त्याचे काहीच काम नसते. तोच खरा कचरा.

हलन्तामागून आलेला जॉइनर ग्राह्य आणि इतर अग्राह्य, हा निकष मी मनाने काढलेला नाही. इंटरनेटवरच्या इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतल्या पत्त्यांसाठी 2003 मध्ये पहिले नियम झाले, तेव्हा त्यांनी जॉइनर आणि त्याचा भाऊ नॉन-जॉइनर सरसकट गाळून टाकायला सांगितले होते. नंतर लक्षात आले की सिंहली, फारसी आणि भारतीय लिप्यांत असे गाळल्याने शब्दच बदलतात. सिंहलीत श्रीलंका हे देशाचे नावसुद्धा जॉइनरशिवाय नीट लिहिता येत नाही. म्हणून 2010 च्या `RFC 5892` मध्ये भूमिका बदलली, आणि हलन्तानंतर येणाऱ्या जॉइनरला परवानगी मिळाली. सगळे पुसा या नियमाचे काय होते, हे जगाने एकदा अनुभवून मागे घेतलेले आहे. आपल्या नावांच्या कॉलमसाठी तो अनुभव पुन्हा घेण्याचे कारण नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती ऑनलाइन अर्जावरची तपासणी. अर्ज बनवणारा चांगल्या हेतूने ठरवतो की मराठी नावाच्या रकान्यात फक्त देवनागरी चालेल, आणि असा नियम लिहितो:

```
^[\u0900-\u097F ]+$
```

देवनागरीचा मुख्य तक्ता `0900` ते `097F` असा आहे, म्हणून हा नियम पुरेसा वाटतो. पण जॉइनर त्या तक्त्यात नाही. तो `200D` वर, सगळ्या लिप्यांच्या सामायिक चिन्हांमध्ये बसतो. एखाद्या बाईंनी आपले आडनाव अचूक लिहिले आणि त्यांच्या कळफलकाने दुसरे लेखन दिले, तर अर्ज लाल अक्षरांत सांगतो: कृपया फक्त मराठी अक्षरे वापरा. समोर तर मराठीच दिसते आहे. त्या पुन्हा टंकतात, पुन्हा तेच. शेवटी र ला पाय मोडून ह जोडतात, रफार येतो, अर्ज पुढे सरकतो आणि बोर्हाडे हे नाव नोंदले जाते. तपासणीने चूक अडवली नाही. बरोबर लिहिणाऱ्या व्यक्तीला चुकीचे लिहायला लावले. पुढे कुणी म्हणते की लोकांना आपली नावेसुद्धा नीट लिहिता येत नाहीत, तेव्हा यातली किती चुकीची नावे लोकांनी लिहिली आणि किती अर्जाने लिहून घेतली, हे आधी विचारायला हवे.

लांबीच्या तपासण्यांची गोष्टही याच वळणाची आहे, फक्त तिथे नुकसान टोकाला होते. संगणकात लांबी मोजण्याच्या तीन रीती आहेत. माणूस बोऱ्हाडेची तीन अक्षरे मोजेल: बो, ऱ्हा, डे. युनिकोड चिन्हे मोजली तर लेखनानुसार 8 किंवा 9. आणि यूटीएफ-8 मधल्या बाइट मोजल्या, तर यातले प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणून 24 किंवा 27. जॉइनर दिसत नसला तरी त्याच्या 3 बाइट तो घेतोच. आता समजा, दोन विभागांमध्ये माहितीची देवाणघेवाण ठरावीक रुंदीच्या फाइलने होते आणि आडनावाला 24 बाइट दिल्या आहेत. पहिल्या लेखनातले बोऱ्हाडे नेमके मावते. दुसऱ्या लेखनातले 27 बाइटचे नाव शेवटी कापले जाते, आणि शेवटच्या 3 बाइट म्हणजे नेमकी डे ची मात्रा. पलीकडे पोचते ते बोऱ्हाड. मर्यादा 8 चिन्हांची असती, तरी हेच झाले असते. नाव कापले गेल्याचा संदेश कुठेही येत नाही, कारण उरलेले नाव दिसायला ठीकठाक असते. मर्यादा 25 वर असती तर कापणी मात्रेच्या मधोमध झाली असती आणि शेवटी एक तुटके चिन्ह दिसले असते. ते उलट बरे, कारण ते डोळ्यात भरते.

डेटाबेसमध्ये कॉलमची रुंदी कशात मोजली जाते, हेही गृहीत धरून चालत नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांच्या `VARCHAR` मध्ये आकडा चिन्हांचा असतो. ओरॅकलच्या `VARCHAR2` मध्ये मात्र वेगळे सांगितले नाही तर तो बाइटचा असतो, म्हणजे 30 चा कॉलम देवनागरीची जेमतेम 10 चिन्हे घेतो. म्हणून साठवणीची रुंदी बाइटमध्ये हिशेब करून सढळ ठेवावी, आणि माणसाला दाखवायची मर्यादा अक्षरांत मोजावी. सप्टेंबर 2023 च्या युनिकोड 15.1 पासून अक्षरगट मोजण्याच्या नियमांत देवनागरीची जोडाक्षरे एकत्र धरली जातात. त्यामुळे ते नियम पाळणारे साधन बोऱ्हाडेच्या तिन्ही लेखनांना 3 हेच उत्तर देते. त्याआधीच्या नियमांनी हलन्तापाशी तोड होऊन 4 येत असत. मोजणारे साधन कोणत्या आवृत्तीचे आहे ते एकदा पाहून घ्यावे. किमान लांबीच्या अटी तर मराठी नावांना लावूच नयेत. श्री हे नाव एका अक्षराचे आहे, आणि ते पूर्ण नाव आहे.

आता जुळणीकडे. यावर अनेकदा ऐकू येते की आमचा डेटाबेस हुशार आहे, तो जॉइनर मोजतच नाही. हे काही ठिकाणी खरे आहे, पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. युनिकोडची शब्द लावण्याची आणि तुलना करण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, तिच्यात जॉइनरला काहीच वजन नाही. तिच्यावर चालणाऱ्या तुलनेत वरची दुसरी आणि चौथी ओळ समान ठरते, म्हणजे बरोबर नाव आणि जॉइनर पुसलेले चुकीचे नाव एक. पहिली ओळ या दोघांहून वेगळी ठरते, कारण त्या पद्धतीत ऱ म्हणजे नुक्ता असलेला र, आणि नुक्त्याला दुय्यम पातळीवर वजन आहे. दुय्यम फरक सोडून देणारी तुलना निवडली तर सगळेच एक होते, आणि त्याबरोबर दर्या आणि दऱ्याही एक होतात. दुसरीकडे पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत बाइट न बाइट सारखी असल्याशिवाय समानता नाही, आणि पायथॉनमध्येही चिन्हागणिक. म्हणजे एकाच यादीतली दोन नावे डेटाबेसमध्ये एक ठरतात आणि ती यादी बाहेर काढून प्रोग्रॅममध्ये घेतली की दोन होतात. समान कशाला म्हणायचे हे आपण ठरवले नाही, तर ते ज्या त्या साधनाच्या सवयीवर ठरते.

साधारण सारखी नावे शोधणाऱ्या पद्धतींवरही इथे भिस्त ठेवता येत नाही. या पद्धती किती चिन्हे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील ते मोजतात. पहिल्या बोऱ्हाडेपासून दुसऱ्या बोऱ्हाडेपर्यंत जायला दोन बदल लागतात: ऱ चा र करायचा आणि जॉइनर घालायचा. पहिल्यापासून रफाराच्या बोर्हाडेपर्यंत जायला एकच. म्हणजे या मापाने चुकीचे नाव जवळचे आणि तेच नाव लांबचे. बोर्हाडेपासून बोराडे या वेगळ्याच आडनावापर्यंतचे अंतरही दोनच भरते. लेखने एक न करता नुसती सैल जुळणी लावली, तर एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळतील तेव्हाच दोन वेगळ्या घराण्यांचीही सरमिसळ होईल.

मग करायचे काय? माझ्या मते नावासाठी दोन कॉलम हवेत. एकात नाव जसे आले तसे, एकही चिन्ह न बदलता ठेवायचे. दुसऱ्यात त्यापासून तयार केलेली जुळणीची किल्ली. तुलना, जोडणी, शोध हे सगळे किल्लीवर करायचे, छपाई मूळ नावावरून. किल्ली बनवण्याचे काम छोटे आहे, पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे:

```python
import unicodedata

def julani_killi(nav):
    s = unicodedata.normalize("NFC", nav)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return " ".join(s.split())
```

पहिली पायरी तिसऱ्या लेखनाचे पहिले करते, कारण सुटा र आणि नुक्ता जोडून ऱ बनवणे हे युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे कामच आहे. पण तेवढ्यावर थांबणारे फसतात. हे प्रमाणीकरण जॉइनरला हात लावत नाही, त्यामुळे दुसरे लेखन तसेच राहते. म्हणून दुसरी पायरी खास मराठीसाठी: र, हलन्त, जॉइनर ही तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त लिहायचे. हे झाल्यावरच तिसरी पायरी, उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर गाळण्याची. पुष्पा, विश्वास, सिद्धार्थ यांतले जॉइनर इथे जातात आणि जुळणीचे काही बिघडत नाही, कारण तिथे ते आकारापुरतेच होते. दुसरी आणि तिसरी पायरी उलट्या क्रमाने केल्या तर मात्र सगळे वाया जाते. जॉइनर आधी पुसला की रफार उरतो, आणि तो मुळात कोणता र होता हे सांगायला काहीच शिल्लक राहत नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो. मूळ नावच एकदा पहिल्या लेखनात आणून ठेवले, तर दुसरा कॉलम कशाला? र च्या जॉइनरपुरते तसे केले तर दिसण्यात काही फरक पडणार नाही, हे मान्य. तरीही मी मूळ नोंद जशीच्या तशी ठेवण्याच्या बाजूचा आहे. एक तर श आणि व शेजारी लिहायचे की एकाखाली एक, यात त्या घरची पसंती असू शकते, आणि जुळणीच्या सोयीसाठी ती पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे म्हणजे नियम पुढे सुधारावे लागतात. मूळ नाव शाबूत असेल तर किल्ली हवी तेव्हा नव्याने बनवता येते. मूळ नावच आज धुऊन टाकले, तर उद्या लक्षात आलेली चूक दुरुस्त करण्याचा मार्ग उरत नाही.

अर्जावरच्या तपासणीत देवनागरीच्या तक्त्यासोबत हलन्तामागचे `200D` आणि `200C` चालू द्यावेत, आणि हलन्ताशिवाय आलेले असतील तर वापरणाऱ्याला त्रास न देता गाळावेत. किल्लीच्या कॉलमवर 'दुबार नको' अशी अट मात्र घालू नये. एकाच नावाची खरीखुरी दोन माणसे असतातच, आणि लेखने एक झाल्यावर ती अधिक दिसू लागतात. किल्ली जुळली म्हणजे नाव जुळले, एवढाच तिचा दावा आहे. माणूस तोच आहे की नाही, हे जन्मतारीख, आईचे नाव, नोंदणी क्रमांक यांवरून ठरवायचे.

आधीच पुसल्या गेलेल्या याद्यांचा प्रश्न मात्र किल्लीने सुटत नाही. बोर्हाडे अशी नोंद असेल तर ती आपोआप बोऱ्हाडे करावी का? आडनावांत रफाराखाली ह दिसला, तर तो बहुतेक वेळा मोडलेला वळणदार र च असतो. तरी अर्हता, गर्हणीय असे रफाराचे खरे शब्द मराठीत आहेत. म्हणून अशा नोंदींची वेगळी यादी काढून ती मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. ही यादी फार मोठी होत नाही आणि भराभर निकालात निघते. रफाराखालच्या य चे तसे नाही. आर्य, मौर्य, सूर्यवंशी ही नावे तशीच बरोबर आहेत, आणि त्यांच्या गर्दीत एखादे मोडलेले नाव कोणते, हे नुसते पाहून सांगता येणार नाही. तिथे मूळ अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला किंवा ती व्यक्ती स्वतः, यांच्याकडे परत जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही. तसे जाता येत नसेल तर नोंद आहे तशी ठेवून तिच्यापुढे 'तपासायची आहे' अशी खूण करावी, आणि जुळणीच्या निकालात ती खूण पुढच्या माणसापर्यंत पोचवावी.